नोकरी गेलेल्या मित्राला काय लिहावं?

नोकरी गेल्याची बातमी पसरली की पहिल्या संध्याकाळी मित्राच्या फोनवर निरोपांची रांग लागते. ‘होईल सगळं नीट’, ‘काही लागलं तर सांग’. सगळे मनापासून लिहिलेले असतात. पण काय लागेल ते शोधायचं आणि तोंड उघडून मागायचं, ही दोन्ही कामं त्यात त्याच्याच गळ्यात पडतात. त्या संध्याकाळी तर घरी कसं सांगावं हेच त्याला सुचत नसतं. म्हणून आपण काय करणार आणि कधी करणार, ते आपणच लिहावं. त्याला नुसतं ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता आलं पाहिजे.

समजा, मित्र हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं होता. त्याला राजीनामा द्यायला सांगितलंय आणि महिनाअखेर शेवटचा दिवस आहे. घराचा हप्ता चालू आहे. आईला मधुमेह आहे आणि तिचा आरोग्यविमा कंपनीच्याच पॉलिसीत आहे. त्याला मी असं लिहीन :

‘मन्या, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. आज बोलावंसं वाटत नसेल तर फोन उचलू नकोस. शनिवारी सकाळी दहाला येतो, तुझी कागदपत्रं आणि काकूंच्या विम्याचं दोघं मिळून बघू. तोवर कुठल्याही कागदावर घाईने सही करू नकोस. तीस हजार माझ्याकडे बाजूला आहेत, सहा महिने मला लागणार नाहीत. हप्त्याला हवे असतील तर नुसतं “हो” लिही. मी कुणाला काही सांगितलेलं नाही.’

शनिवार मी मुद्दाम लवकरचा धरला आहे, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा ईमेल आणि पगाराचं पोर्टल बंद होतं. त्याआधी नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ उतरवून घ्यायला हवेत. पुढची कंपनी हेच कागद मागते. आपली कागदपत्रं तेवढी घ्यावीत, कामाच्या फायलींना हात लावू नये. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहावं.

विम्याचं काम सगळ्यात निकडीचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं. कंपनीच्या सामूहिक पॉलिसीचं संरक्षण बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. नंतर नवी पॉलिसी घेतली तर आईच्या मधुमेहाला आधीपासूनचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मात्र संरक्षण चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला, तर आधी भरलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. हप्ता वाढतो, आरोग्यतपासणीही मागू शकतात, आणि मंजुरीची खात्री नसते. म्हणूनच थोडे दिवस हाताशी हवेत. पॉलिसी क्रमांक शोधणं, विमा कंपनीला फोन करणं, अर्ज भरणं ही कामं मित्र शेजारी बसून सहज करू शकतो.

मग हिशेब. सलग पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. हिशेबात धरला जाणारा मासिक पगार ४०,००० असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने आणि मग सहा वर्षांनी गुणायचं. साधारण १,३८,००० रुपये होतात. कंपनीच्या अंतिम हिशेबात हा आकडा आहे का, उरलेल्या रजांचे पैसे धरलेत का, हे शांत डोक्याच्या दुसऱ्या माणसाने तपासलेलं बरं. आकडा जुळत नसेल तर ईमेलने लेखी विचारावं, तोंडी नको.

पैशांच्या बाबतीत रक्कम आणि मुदत दोन्ही स्पष्ट लिहावीत. ‘पैशांची काळजी करू नकोस’ म्हटलं की किती मागावेत या संकोचाने माणूस गप्प राहतो. आपल्याला झेपेल तेवढाच आकडा लिहावा. हप्ता चुकेल असं दिसत असेल, तर तो चुकण्याआधीच त्याच्याबरोबर बँकेत जावं. आधी गेलं तर मुदत वाढवण्याविषयी बोलता येतं, चुकल्यावर दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो.

‘सीव्ही पाठव, बघतो’ हे मात्र पहिल्या निरोपात नकोच. पाठवलेल्या सीव्हीचं पुढे काहीच कळलं नाही, तर त्याला आपल्याला विचारायचाही संकोच वाटू लागतो. आपल्या कंपनीत खरोखर जागा असेल तर तिची जाहिरात वाचून, त्याचं कोणतं काम तिथे उपयोगी पडेल ते दोन ओळींत लिहून आपण नाव सुचवावं, आणि नकार आला तरी त्याच दिवशी कळवावं.

दुसऱ्या महिन्यात निरोप बहुधा थांबलेले असतात, आणि मुलाखतींचे नकार तेव्हाच येऊ लागतात. ‘काही झालं का?’ असं तेव्हा विचारू नये. ‘बुधवारी तुझी मुलाखत आहे ना, मंगळवारी रात्री नऊला फोनवर सराव करू, प्रश्न मी विचारतो,’ असं लिहावं आणि नऊला फोन करावा.