एका सेलची तीन मापं

बाजारातून आणलेला नवा पेन्सिल सेल घ्या. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज १.५३७ आहे असं धरू. मापनयंत्राला जोडलेल्या दोन लांब वायरी घरातल्या विजेची गुणगुणही पकडतात. त्यामुळे यंत्राच्या तोंडाशी पोचणारं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा खालीवर होतं, समजा २० मिलिव्होल्टने. म्हणजे ते १.५१७ आणि १.५५७ यांच्या दरम्यान सतत हलत असतं. आता हे व्होल्टेज आकड्यात मांडायचं आहे. ते काम करणाऱ्या मंडलाला ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या तीन जाती इथे पाहू: ड्युअल स्लोप, फ्लॅश आणि सक्सेसिव्ह ॲप्रॉक्सिमेशन. यांतली एक वेगवान, दुसरी अचूक, असं पुस्तकांत एका तक्त्यात उरकलेलं असतं. पण त्या तिघी या सेलकडे किती वेळ आणि कशा पाहतात हे समजलं, की तो तक्ता पाठ करावा लागत नाही.

सर्वांत संथ जातीपासून सुरुवात करू. साध्या डिजिटल मल्टिमीटरमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली चिप म्हणजे इंटरसिलची आयसीएल ७१०६. ती ड्युअल स्लोप पद्धतीने चालते. तिच्यात एक कपॅसिटर असतो. पहिल्या टप्प्यात सेलचं व्होल्टेज एका रेझिस्टरमधून हा कपॅसिटर भारित करतं, आणि हा टप्पा घड्याळाच्या नेमक्या १००० ठोक्यांचा असतो. व्होल्टेज जास्त असेल तर तेवढ्याच वेळात कपॅसिटर जास्त भरतो. दुसऱ्या टप्प्यात सेल बाजूला होतो आणि माहीत असलेलं, उलट्या दिशेचं संदर्भ व्होल्टेज कपॅसिटर रिकामा करू लागतं. तो शून्यावर यायला किती ठोके लागले, ते मोजायचे.

संदर्भ व्होल्टेज बरोबर १ असेल तर आपल्या सेलसाठी १५३७ ठोके लागतील. दशांशचिन्ह योग्य जागी बसवलं की पडद्यावर १.५३७ दिसतं. यातली खरी हुशारी अशी की कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या किमती उत्तरात उरतच नाहीत. कपॅसिटर छापलेल्या किमतीपेक्षा दहा टक्के लहान निघाला, तर तो भरतानाही लवकर भरतो आणि रिकामाही लवकर होतो. ठोक्यांचं प्रमाण तेच राहतं. घड्याळ थोडं मंद चाललं तरी दोन्ही टप्पे सारखेच लांबतात. स्वस्त सुट्या भागांतून इतकं स्थिर माप मिळतं ते यामुळे. उत्तरात उरते ती फक्त संदर्भ व्होल्टेजची चूक. कपॅसिटरची जात मात्र सांभाळावी लागते. काही प्रकारचे कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा भार आत धरून ठेवतात आणि त्याने उत्तर बिघडतं. म्हणून या जागी पॉलिप्रॉपिलिनचा कपॅसिटर बसवतात.

आता विजेची गुणगुण. चिपमधलं मोजणीचं घड्याळ सेकंदाला १०,००० ठोके देत असेल तर १००० ठोके म्हणजे १०० मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे या काळात बरोबर पाच आवर्तनं बसतात. प्रत्येक आवर्तनात गुणगुण जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, आणि कपॅसिटरमध्ये तिची बेरीज शून्य होते. मीटर शांतपणे १.५३७ दाखवतो. हेच घड्याळ सेकंदाला १२,००० ठोके देणारं असेल तर पहिला टप्पा ८३.३ मिलिसेकंदांचा होतो. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेची त्यात बरोबर पाच आवर्तनं बसतात, पण आपल्याकडची ४.१७ बसतात. ते उरलेलं अर्धवट आवर्तन आपल्या उदाहरणात पाऊण मिलिव्होल्टपर्यंतची चूक घालू शकतं आणि शेवटचा अंक डळमळतो. वायरी आखूड केल्यावर किंवा एकमेकींना पिळून धरल्यावर अंक स्थिरावला, तर दोष सेलचा नव्हता.

या शांतपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. भरणं, रिकामं होणं आणि मधे स्वतःचं शून्य तपासणं मिळून एका मापाला ४००० ठोके जातात. सेकंदाला १०,००० ठोके असले तर सेकंदाला अडीच मापं. सेलसाठी तेवढी पुरेत, आवाज मोजण्यासाठी त्यांचा काही उपयोग नाही.

फ्लॅश कन्व्हर्टर अगदी दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याला वाट पाहणं माहीतच नाही. शून्य ते पाच व्होल्टचे २५६ सारखे भाग करायचे असतील, म्हणजे आठ बिटचं उत्तर हवं असेल, तर एका रांगेत २५६ रेझिस्टर जोडतात. त्यांच्यामधल्या २५५ सांध्यांवर एकेक कम्पॅरेटर बसवतात. कम्पॅरेटर एवढंच सांगतो की आलेलं व्होल्टेज माझ्या सांध्यापेक्षा जास्त आहे की कमी. आपला सेल जोडला की खालचे ७८ कम्पॅरेटर एकदमच ‘जास्त’ म्हणतात आणि वरचे १७७ ‘कमी’. सीमा कुठे पडली ते पुढचं मंडल वाचतं आणि ७८ हा आकडा देतं. सगळे निर्णय एकाच क्षणी होतात, म्हणून असे कन्व्हर्टर सेकंदाला अब्जावधी मापांपर्यंत जातात. ऑसिलोस्कोपसारख्या यंत्रांना अशीच घाई असते.

पण ७८ म्हणजे किती? एक पायरी १९.५ मिलिव्होल्टची. फ्लॅशचं म्हणणं इतकंच, की व्होल्टेज १.५२३ आणि १.५४३ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. तेही त्या क्षणापुरतं. पुढच्या काही मिलिसेकंदांत गुणगुणीने ते वर गेलं, तर तो प्रामाणिकपणे ७९ सांगेल. पायऱ्या बारीक करायच्या तर प्रत्येक वाढीव बिटला कम्पॅरेटरांची संख्या दुप्पट होते. दहा बिटला १०२३ लागतात. वीज आणि चिपवरची जागा त्याच वेगाने वाढतात, आणि एवढ्या सगळ्यांचा भार आलेल्या व्होल्टेजवरही पडतो. शिवाय प्रत्येक कम्पॅरेटरची स्वतःची काही मिलिव्होल्टची चूक असते. पायरी त्या चुकीइतकी लहान झाली की शेजारचे कम्पॅरेटर एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागतात. कधी व्होल्टेज एखाद्या सांध्याच्या इतकं जवळ असतं की कम्पॅरेटरचा निर्णय वेळेत होतच नाही. मग पडद्यावरच्या सुरळीत रेषेत मधेच एखादा ठिपका भलत्याच उंचीवर दिसतो. खऱ्या विद्युत धक्क्याची वर चढणारी आणि खाली उतरणारी कड दिसते, हा ठिपका मात्र एकटाच असतो. त्यावरून तो ओळखता येतो.

या दोघांच्या मधली वाट सक्सेसिव्ह ॲप्रॉक्सिमेशनची. आर्डुइनो उनो बोर्डवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये हाच कन्व्हर्टर आहे, त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत बहुतेकांची पहिली ओळख याच्याशी होते. इथे कम्पॅरेटर एकच. किराणा दुकानदार तागडीत मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक वजन टाकून पाहतो, जड झालं तर काढून घेतो, तसंच इथे चालतं. संदर्भ ५ व्होल्ट, उत्तर दहा बिटचं. चिप आधी २.५ व्होल्ट ठेवून पाहते. सेल त्याहून कमी, म्हणून ते काढलं. मग १.२५: सेल जास्त, म्हणून ते राहू दिलं. त्यात ०.६२५ मिळवले तर १.८७५ होतात. जास्त झाले, काढले. असे दहा निर्णय झाल्यावर राहिलेल्या वजनांची बेरीज २५६, ३२, १६, ८ आणि २ मिळून ३१४ होते. एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे सेल १.५३३ आणि १.५३८ यांच्यामध्ये आहे. दहा बिटला दहा निर्णय आणि वर थोडी तयारी, एकूण १३ ठोके. नेहमीच्या मांडणीत यांना १०४ मायक्रोसेकंद लागतात. एक बिट वाढवायला एक ठोका पुरतो, फ्लॅशसारखं सगळं दुप्पट करावं लागत नाही. वेग आणि बारकाई यांची ही तडजोड मला सर्वांत देखणी वाटते. बर्नार्ड गॉर्डन यांनी १९५४ मध्ये एप्स्को कंपनीतून निर्वात नळ्यांवर चालणारा असाच अकरा बिटचा कन्व्हर्टर बाजारात आणला होता. तो सेकंदाला ५०,००० मापं घेई आणि ५०० वॅट वीज खाई.

या पद्धतीची एक अट आहे. दहा निर्णय होईपर्यंत मोजायची वस्तू हलता कामा नये. पहिला निर्णय चुकला तर पुढचे नऊ तो सुधारू शकत नाहीत. पूर्ण पाच व्होल्टमध्ये हिंदकळणारा सिग्नल सेकंदाला फक्त तीन आवर्तनं करत असला, तरी १०४ मायक्रोसेकंदांत तो एक पायरी सरकलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच आतला एक छोटा कपॅसिटर व्होल्टेजचा नमुना पकडतो, बाहेरून तुटतो, आणि सगळी तुलना त्या पकडलेल्या नमुन्याशी होते.

नेमका हाच कपॅसिटर नवख्यांना फसवतो. तो एका क्षणात भरायला हवा, आणि म्हणून चिपच्या माहितीपत्रकात स्रोताचा रोध १० किलोओहमच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं. कोणी बॅटरी वाचवण्यासाठी एक मेगओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागलं, तर कपॅसिटर अर्धवट भरतो आणि त्यात आधी मोजलेल्या पिनचं व्होल्टेज शिल्लक राहतं. खूण सोपी आहे. शेजारच्या पिनवरचं व्होल्टेज बदललं की या पिनचा आकडाही हलतो. त्या पिनपासून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की हा दोष बहुधा जातो.

गुणगुणीचं काय? ही चिप क्षणाचा नमुना घेते, म्हणून आपल्या सेलचे आकडे ३१० ते ३१८ यांच्यामध्ये नाचतात. पण तिच्याकडे वेग आहे. न थांबता १९२ मापं घेतली तर १९.९७ मिलिसेकंद होतात, म्हणजे विजेचं जवळजवळ एक पूर्ण आवर्तन. त्यांची सरासरी घेतली की गुणगुण वजा होते. आकडे वेगवेगळ्या पायऱ्यांवर पडलेले असल्यामुळे ती सरासरी एका पायरीपेक्षाही बारीक निघते. चिप नेहमी खालची पायरी सांगते, म्हणून सरासरीत अर्धी पायरी मिळवली की उत्तर १.५३७ च्या आसपास येतं. ड्युअल स्लोपमध्ये कपॅसिटरने केलेली बेरीज इथे प्रोग्रॅमने केली.

मात्र बारीक आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे. याच चिपचं माहितीपत्रक एकूण चूक दोन पायऱ्यांची, म्हणजे सुमारे १० मिलिव्होल्टची धरायला सांगतं. स्वस्त मल्टिमीटरच्या पुस्तिकेत अर्धा टक्का आणि वर दोन अंक असं लिहिलेलं असतं. आपल्या सेलसाठी तेही १० मिलिव्होल्टच्या जवळ जातं, पडद्यावरचा शेवटचा अंक कितीही स्थिर असला तरी. आणि आर्डुइनोवर संदर्भ म्हणून बोर्डाचा वीजपुरवठाच घेतला असेल तर याहून मोठी चूक होते. यूएसबी वायरमधून ५ ऐवजी ४.७ व्होल्टच पोचत असतील, तर तोच सेल ३३४ हा आकडा देतो. प्रोग्रॅम ५ धरून चालला की उत्तर १.६३१ येतं. कितीही मापांची सरासरी घेतली तरी ही चूक हलत नाही. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर मल्टिमीटर लावायचा, तो ४.७० दाखवत असेल तर प्रोग्रॅममध्ये ५ च्या जागी ४.७० लिहायचं, आणि सेल पुन्हा मोजायचा.