चेंडू स्टम्पला लागतोय, तरी नॉट आउट? ‘अम्पायर्स कॉल’मागचं गणित

रिप्लेमध्ये चेंडू स्टम्पला लागताना दिसतो, तरी फलंदाज नॉट आउट. असं का होतं?

बॉल ट्रॅकिंगसाठी मैदानाभोवतीचे कॅमेरे चेंडूची जागा क्षणाक्षणाला टिपतात. त्या जागा जोडून संगणक चेंडूचा मार्ग तयार करतो. म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते चित्रीकरण नसून गणिताचं उत्तर असतं, आणि त्यात थोडी चूक असू शकते.

२००७ च्या विम्बल्डन फायनलमध्ये फेडररविरुद्ध नदालचा एक फटका बाहेर दिला गेला. नदालने चॅलेंज केलं, तेव्हा हॉक-आयने चेंडू १ मिलिमीटरने आत दाखवला. पण त्या काळी या यंत्रणेची सरासरी चूकच ३.६ मिलिमीटर सांगितली जात होती!

टेनिसमध्ये चेंडू निदान जमिनीवर टेकलेला असतो. एलबीडब्ल्यूमध्ये तो पॅडवरच अडतो, त्यापुढचा मार्ग हा फक्त अंदाज. टप्पा पॅडच्या जितका जवळ, तितकी अंदाजासाठी माहिती कमी.

म्हणूनच चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग स्टम्पला लागताना दिसला, तर मैदानावरच्या अम्पायरचा निर्णय कायम राहतो. त्यांनी आउट दिलं असेल तर आउट, नसेल तर नॉट आउट.