पाय फाकवले की वजन कुठे जातं?

"मामा, सुमो म्हणजे चीटिंग आहे," असं भाच्यानं बमरोलीतल्या आमच्या जिममध्ये सगळ्यांसमोर सुनावलं. मी तेव्हा पाय रुंद फाकवून शंभर किलोचा बार उचलत होतो. त्याला उत्तर द्यायचं म्हणून टेप आणला आणि त्यालाच मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढायला लावला.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहणं. कन्व्हेन्शनल पद्धतीत पावलं कमरेइतकी रुंद असतात आणि हात गुडघ्यांच्या बाहेरून बार धरतात. सुमोत पावलं खूप लांब, चवडे बाहेर वळलेले आणि हात पायांच्या मधे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत दोन्ही चालतात.

मी आधी कन्व्हेन्शनलच करायचो. दिवसभर खुर्चीत बसून कोडिंग करायचं आणि संध्याकाळी बार उचलायचा. मग पुढचे दोन दिवस कमरेचा खालचा भाग आखडलेला असायचा. फिजिओथेरपिस्टनं तपासून गंभीर काही नसल्याचं सांगितलं, म्हणून मी सुमोकडे वळलो.

बार जमिनीवरून सुटतो त्या क्षणी आम्ही दोन्ही व्हिडिओ थांबवले. कन्व्हेन्शनलमध्ये माझी पाठ जमिनीशी साधारण २५ अंशांचा कोन करत होती, सुमोत ३५ अंशांचा. कमरेच्या खालच्या मणक्यापासून खांद्यापर्यंत माझं अंतर ४५ सेंटीमीटर आहे. बार साधारण खांद्याखालीच लटकतो. म्हणजे कमरेपासून बारचं आडवं अंतर पहिल्या वेळी ४१ सेंटीमीटर, दुसऱ्या वेळी ३७. भरलेली बादली अंगापासून लांब धरली की जड लागते, तोच हा नियम. सुमोतले १०० किलो माझ्या कमरेला कन्व्हेन्शनलच्या ९० किलोंसारखे लागतात.

हे फक्त माझ्या टेपचं गणित नाही. कॅनडातल्या संशोधकांनी स्पर्धेतल्या लिफ्टर्सची मापं घेऊन १९९१ साली जे छापलं, त्यातही सुमोत कमरेवरचा हा वाकवणारा भार सरासरी १० टक्क्यांनी कमी निघाला होता. कारण साधं आहे. गुडघे बाजूला उघडले की कंबर बारच्या जवळ येते आणि छाती वर राहते.

मग उरलेलं वजन गेलं कुठे? मांडीचं हाड काही आखूड होत नाही, ते फक्त तिरकं होतं. त्यामुळे खुब्याचं काम फारसं घटत नाही. नितंबांच्या स्नायूंच्या जोडीला मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जास्त ताणलेल्या अवस्थेत कामाला लागतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंवरही जास्त जोर येतो. पाठीचे स्नायू तर दोन्हीकडे कणा ताठ धरायला राबतातच. सुमो पाठीला सुट्टी देत नाही, थोडी सवलत देतो.

हे न कळल्यानं मी फसलो. पहिल्याच आठवड्यापासून जुनंच वजन लावलं आणि तिसऱ्या आठवड्यात जांघेत आतून चमक भरली. तीन आठवडे घरी बसलो. नंतर जुने व्हिडिओ पाहिले तेव्हा दोन खुणा दिसल्या. बार सुटताना गुडघे आत झुकत होते, आणि बार हलण्याआधीच कंबर वर जात होती. कंबर अशी आधी उठली की पाठ पुन्हा आडवी होते, ३५ अंशांचे २५ होतात आणि सुमोचा फायदाच संपतो.

आता मी जुन्या वजनाच्या ६० टक्क्यांपासून पुन्हा सुरुवात केली आहे. पावलांची रुंदी समोरून ठरवतो. खाली बसल्यावर नडगी जवळपास उभी आणि गुडघा चवड्याच्या दिशेनं हवा. जांघेच्या पुढच्या बाजूला टोचलं तर पावलं थोडी जवळ घेतो. खुब्याच्या खोबणीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि काहींना कितीही सराव करून फार रुंद उभं राहता येत नाही. त्यांनी हट्ट धरू नये.

आणि भाच्याचा आरोप? बार वर किती येतो तेही मोजलं. कन्व्हेन्शनलमध्ये ५४ सेंटीमीटर, सुमोत ४३. अंतर कमी हे त्याचं म्हणणं खरं निघालं. मग त्याला म्हटलं, आता तू कर. तो सुमोत उभा राहिला, पण ८० किलोचा बार जमिनीवरून सुटेचना. कन्व्हेन्शनलनं तो ११० उचलतो. त्याचे हात लांब आहेत, त्यामुळे त्याला मुळातच कमी वाकावं लागतं आणि पाठही कुरकुरत नाही. त्यानं त्याच पद्धतीनं उचलावं असं आमचं ठरलं. चीटिंग हा शब्द मात्र त्या दिवसापासून बंद झाला.