लीडर बदलतोय, वॉर संपू द्या

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा गेम 2012 साली आला. त्यातल्या एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास खेळाडू असतात आणि लीडर मात्र एकच. त्याच्या हाताखाली को-लीडर, मग एल्डर, मग साधे मेंबर. लीडरपद दुसऱ्याला देणं अगदी सोपं आहे. एखाद्या को-लीडरच्या नावावर बोट ठेवायचं, त्याला बढती द्यायची, ‘नक्की ना?’ या प्रश्नाला होकार द्यायचा. त्याच क्षणी जुना लीडर आपोआप को-लीडर होतो.

इथेच मेख आहे. दिलेलं पद परत घ्यायचं बटण जुन्या लीडरकडे उरत नाही. नवा लीडर मनात आणेल तर त्याला खाली उतरवू शकतो, क्लॅनबाहेरही काढू शकतो. त्यामुळे जाणते लीडर बटण दाबण्याआधी सगळ्यांना मेल करतात. उत्तराधिकाऱ्याचं नाव कळलं की कुरबुरी आधीच वर येतात आणि निर्णय बदलायला वाव राहतो.

असा निरोप साधारण असा असतो: “परीक्षा जवळ आली, रात्री वॉरला जागणं जमत नाही. आजची वॉर संपली की लीडरपद आपल्या जुन्या को-लीडरकडे देतोय. लीगची यादी त्यानेच लावली आहे. दोन्ही अटॅक न करणाऱ्याला पुढच्या वॉरमध्ये घ्यायचं नाही, हा नियम कायम. कोणाला अडचण असेल तर आजच बोला.”

यात गहिवर कमी आणि चार्ज देणं जास्त, आणि ते बरोबरच आहे. वॉरमध्ये एक दिवस तयारीचा, एक लढाईचा; प्रत्येकाला दोन अटॅक. मधेच लीडर बदलला तर कोणत्या गावावर कोणी चढाई करायची, यावरून गोंधळ उडतो. क्लॅन वॉर लीगच्या आठवड्यात तर रोज कोणाला उतरवायचं हे ठरवावं लागतं. शेवटी बोनस मेडल्स वाटायची असतात आणि खरी भांडणं तिथेच होतात. त्यामुळे पदबदल लीगचा हिशेब मिटल्यावर केलेला बरा.

काही जण यातलं काहीच करत नाहीत, गुपचूप क्लॅन सोडतात. मग पद कोणाकडे जायचं ते गेम ठरवतो. को-लीडरच्या खुर्चीत बसलेला माणूस भरवशाचा आहे की नाही, हे गेमला कुठून कळणार? सकाळी उठून पाहावं तर निम्मा क्लॅन हाकललेला, अशी वेळ येऊ शकते.

निरोप देऊन तिथेच राहणाऱ्याची अडचण वेगळी. लोक सवयीने त्यालाच विचारत राहतात, “दादा, वॉर लावू का?” को-लीडर म्हणून वॉर सुरू करायचा अधिकार त्याच्याकडे असतोही. एका क्लॅनला मग दोन मालक होतात. म्हणून काही जुने लीडर निरोपातच लिहून टाकतात की मला एल्डर करा. एल्डरला वॉर लावता येत नाही.