खसखस निर्दोष, पण दूध?

ग्वाल्हेरच्या मोरार भागात केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आहे. अफूच्या शेतीचे परवाने देणारे हे खाते परदेशी खसखशीच्या आयातीचे सौदेही नोंदवून घेते. गंमत अशी, की 1985च्या अमली पदार्थ कायद्याने अफूच्या झाडाच्या वाळल्या भागांतून बी मात्र वगळले आहे. कायद्याचे हे वनस्पतिशास्त्र बरोबरच आहे. मॉर्फिन असते बोंडाच्या सालीतल्या चिकात. दाण्याच्या पोटात ते जवळजवळ नसतेच. काढणीत बोंड चुरडले, किडीने पोखरले, की चीक आणि भुसा दाण्यांना चिकटतो. म्हणजे मॉर्फिन हा खसखशीवरचा मळ आहे. म्हणूनच दोन पोत्यांतल्या खसखशीत त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे निघते, आणि म्हणूनच ते धुतल्याने बरेचसे निघून जाते. वाटणाची खसखस भिजवून पाणी ओतून दिले, वाटली, परतली, की रश्श्यात फारसे काही उरत नाही.

पण तीच खसखस दुधात भिजवून, गाळून तान्ह्या बाळाला पाजली तर? धुवण टाकायचे सोडून आपण बाळाला धुवणच देतो. युरोपने किरकोळ विक्रीच्या खसखशीला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या चमचाभर, तीनेक ग्रॅम खसखशीवर 60 मायक्रोग्रॅमपर्यंत मॉर्फिन असू शकते. एका वेळची सुरक्षित मात्रा वजनाच्या किलोमागे 10 मायक्रोग्रॅम धरतात. चार किलोच्या बाळाला 40. साठ किलोच्या माणसाला तीच मर्यादा गाठायला 30 ग्रॅम खसखस लागेल. शिवाय तान्ह्या बाळाचे यकृत मॉर्फिनचा निचरा सावकाश करते, आणि त्याचा श्वास लवकर मंदावतो. जर्मनीत असे गाळलेले दूध पाजल्यावर एका बाळाचा श्वास धोक्यात आल्याची नोंद आहे. ‘पिढ्यानपिढ्या देतात, काही होत नाही,’ हा आक्षेप येणारच. पण मुंबईच्या गिरणगावात मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत, तेव्हाही मूल गुपचूप झोपले म्हणजे गुण आला असेच समजत. गुंगीलाच गुण म्हटले, तर तोटा दिसणार कसा? बाळ नीट जागे होत नसेल, दूध ओढत नसेल, श्वास संथ वाटत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

मोठ्यांची अडचण निराळी. खसखशीत घोळलेले दोन-चार अनारसे खाऊन नशा येत नाही, पण लघवीत मॉर्फिन उतरू शकते. चाचणी नशा मोजतच नाही. अमेरिकेने 1998च्या अखेरीस सरकारी चाचण्यांची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून 2000 केली, त्यामागे खसखस हेच मोठे कारण होते. मग खसखशीचे नाव सांगून कोणीही सुटेल का? नाही. हेरॉइनची खूण म्हणजे 6-असिटिलमॉर्फिन, आणि ते खसखशीतून येत नाही. उलट थेबेन सापडले तर खसखशीची बाजू बळकट होते. मात्र हा फरक प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या, सविस्तर चाचणीतच कळतो. पहिल्या झटपट पट्टीला अनारसा आणि अफू सारखीच.