उजव्या हाताच्या येरझाऱ्या

आमच्या सोसायटीत दीडशे फ्लॅट आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेनंतर ऑफिसातले व्यवस्थापक मेंटेनन्सचा मेळ घालायला बसतात. रहिवाशांनी पैसे भरल्यावर कळवलेला यूटीआर क्रमांक एका एक्सेल फाइलमध्ये असतो आणि बँकेचं स्टेटमेंट दुसऱ्या. पहिल्या फाइलमधला क्रमांक दुसरीत शोधायचा, रक्कम बरोबर आहे का ते पाहायचं, परत येऊन पुढच्या रकान्यात ‘जमा’ लिहायचं. असं दीडशे वेळा.

खजिनदार म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पडद्याकडे बघायचं सोडून माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडेच जाऊ लागलं. तो कीबोर्डवरून माउसवर जाई, तिथून बाण पडद्याच्या खालच्या पट्टीवर नेई, मग वरच्या मेनूवर, मग मधल्या चौकटीत, आणि शेवटी पुन्हा कीबोर्डवर. माणूस खुर्चीतच, पण हाताच्या येरझाऱ्या चाललेल्या.

या येरझाऱ्यांचा हिशेब फार पूर्वी मांडला गेला आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० साली संगणकावरच्या कामाला किती वेळ लागेल हे आधीच काढण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. त्यांनी काम बारीक हालचालींत तोडलं आणि प्रत्येक हालचालीला सरासरी वेळ दिला. बेताचं टाइपिंग येणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद लागतात. माउसचा बाण हव्या त्या जागी नेऊन ठेवायला १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माउसवर किंवा परत न्यायला ०.४ सेकंद. माउसच्या क्लिकला सुमारे ०.२ सेकंद धरतात. म्हणजे क्लिक स्वस्त आहे. महाग पडतं ते नेम धरणं: एकदा नेम धरण्याच्या वेळात जवळपास चार कळा दाबून होतात.

आता हे मोजमाप आमच्या व्यवस्थापकांच्या एका नोंदीला लावू. क्रमांकावर राइट क्लिक, मग ‘कॉपी’वर क्लिक. खालच्या पट्टीवर एक्सेलचं चिन्ह, त्यातून स्टेटमेंटची खिडकी. वरच्या मेनूत शोधण्याचं बटण, त्याखालचा ‘फाइंड’. चौकटीत राइट क्लिक, मग ‘पेस्ट’. शेवटी ‘फाइंड नेक्स्ट’. नऊ वेळा नेम आणि नऊ क्लिक झाले, म्हणजे हात माउसवर नेण्यासकट बारा सेकंद. परतीच्या वाटेवर चौकट बंद करणं, खिडकी बदलणं, योग्य रकान्यात क्लिक करणं आणि हात कीबोर्डवर आणणं यांत आणखी साडेपाच. एका नोंदीमागे साधारण साडेसतरा सेकंद केवळ हात हलवण्यात गेले. रक्कम वाचण्याचा आणि ‘जमा’ लिहिण्याचा वेळ यात धरलेला नाही, कारण तो दोन्ही पद्धतींत सारखाच आहे.

तेच काम हात कीबोर्डवरून न उचलता असं होतं. कर्सर क्रमांकाच्या घरात आहे. Ctrl+C दाबलं की क्रमांक कॉपी झाला. Alt+Tab दाबलं की स्टेटमेंट समोर आलं. Ctrl+F ने शोधाची चौकट उघडली, Ctrl+V ने क्रमांक तिच्यात पडला, Enter दाबताच कर्सर थेट त्या व्यवहारावर. रक्कम पाहिली. Esc दोनदा, Alt+Tab ने परत, उजव्या बाणाने पुढच्या घरात. एकूण चौदा कळा, म्हणजे चार सेकंदांहून थोडं कमीच. नोंदीमागे सुमारे चौदा सेकंद वाचले. दीडशे नोंदींना पस्तीस मिनिटं आणि वर्षाचे सात तास. हे एका माणसाच्या एकाच कामाचं झालं.

पण हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी आमची गाडी तिसऱ्या नोंदीला अडली. क्रमांक स्टेटमेंटमध्ये डोळ्यांना दिसत होता, पण एक्सेल म्हणे सापडत नाही. व्यवस्थापक म्हणाले, “सर, यापेक्षा माझा माउस बरा.” मी चौकटीत नीट पाहिलं, तर तिथे क्रमांक नव्हताच. पडलं होतं ते 4.12346E+11 असलं काहीतरी. यूपीआयचा क्रमांक बारा आकडी असतो, आणि अकरा आकड्यांहून मोठी संख्या एक्सेल साध्या घरात अशी आखडून दाखवतं. Ctrl+C त्या घरात जे दिसतं तेच उचलून दुसरीकडे देतं. यावर उपाय म्हणजे पूर्ण रकाना निवडायचा, Ctrl+1 दाबायचं, ‘नंबर’ हा प्रकार घ्यायचा आणि दशांश शून्य ठेवायचे. शोध फसला की आधी चौकटीत काय पडलंय ते वाचावं, ही सवय तेव्हापासून लागली.

शोध फसायचं दुसरं कारण त्याच चौकटीत ‘ऑप्शन्स’खाली लपलेलं असतं. घरातला संपूर्ण मजकूर जुळलाच पाहिजे अशी एक खूण तिथे आहे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये क्रमांक एकटा नसतो. त्याच्या मागेपुढे नाव, बँक, तारीख असं शेपूट असतं. ती खूण राहिली असेल तर काहीच सापडणार नाही. शिवाय एकदा केलेली निवड एक्सेल बंद करेपर्यंत तशीच राहते, त्यामुळे सकाळी कोणी वेगळ्या कामासाठी केलेली खूण दुपारी आपल्याला नडते.

Esc दोनदा का, हेही सांगायला हवं. पहिल्या Esc ने चौकट मिटते. पण कॉपी केलेल्या घराभोवती हलती तुटक रेघ असते, ती दुसऱ्या Esc ने जाते. ती रेघ जिवंत असताना चुकून Enter दाबलं, तर एक्सेल कॉपी केलेला क्रमांक समोरच्या घरात ओतून मोकळं होतं, आणि ते घर स्टेटमेंटमधल्या व्यवहाराचं असतं. मूळ मजकूर गेला. लगेच लक्षात आलं तर Ctrl+Z आहेच. नाही आलं, तर महिनाअखेरीला मेळ बसत नाही आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

Alt+Tab चीही एक खोड आहे. ते दाबून सोडलं की याच्या आधी जी खिडकी वापरली ती पुढे येते. म्हणून दोनच खिडक्यांत ये-जा असेल तर ते नेमकं चालतं. मध्येच कोणाचा निरोप वाचायला तिसरी खिडकी उघडली की क्रम बदलतो आणि पुढच्या खेपेला स्टेटमेंटऐवजी तो निरोपच समोर येतो. अशा वेळी Alt दाबूनच ठेवायचं. पडद्यावर सगळ्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतात. Tab एकेकदा दाबत हव्या त्या चित्रावर यायचं आणि मग Alt सोडायचं. पडदा मोठा असेल तर त्याहून सोपं: एका खिडकीत विंडोजची कळ आणि डावा बाण, दुसरीत तीच कळ आणि उजवा बाण. दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि आपण कुठे आहोत याचा गोंधळ उरत नाही.

सगळ्या नोंदी झाल्यावर यादी निवडून समितीला पाठवायची असते. माउसने ओढत खाली जायचं म्हटलं की यादी भरधाव पळते आणि हवी ती ओळ मागे पडते. यादीच्या पहिल्या घरात उभं राहून Ctrl+Shift+↓ दाबलं की शेवटपर्यंतची घरं एका दमात निवडली जातात. मात्र ‘शेवट’ म्हणजे एक्सेलच्या लेखी पहिलं रिकामं घर येईपर्यंत. ज्यांनी पैसेच भरले नाहीत त्यांचा यूटीआरचा रकाना रिकामा, त्यामुळे तिथून निवडलं की यादी पहिल्या थकबाकीदारापाशीच थांबते. म्हणून फ्लॅट क्रमांकाच्या रकान्यातून सुरुवात करायची, कारण तिथे खंड नसतो. मग Shift न सोडता उजव्या बाणाने हवे तेवढे रकाने त्यात घ्यायचे. निवड बरोबर झाली का, हे खालच्या पट्टीत दिसणाऱ्या घरांच्या संख्येवरून कळतं. एकच रकाना निवडलेला असताना तिथे दीडशे दिसले पाहिजेत. एकशे बारा दिसले, तर मध्ये कुठेतरी खंड आहे.

ईमेल किंवा पत्राच्या मजकुरातही हेच सूत्र चालतं. Shift धरून बाण दाबला की एकेक अक्षर, सोबत Ctrl धरलं की एकेक शब्द, आणि Shift+Home ने कर्सरपासून ओळीच्या सुरुवातीपर्यंतचा मजकूर निवडला जातो. कोणी ईमेलच्या शेवटच्या ओळीत क्रमांक कळवला असेल, तर तो उचलायला ओळीच्या टोकाशी जाऊन एकदा Ctrl+Shift+← पुरतं.

मराठीत टाइप करणाऱ्यांना वाटतं की शॉर्टकटसाठी आधी कीबोर्ड इंग्रजीत आणायला हवा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असतानाही Ctrl सोबत म ची कळ कॉपीच करते आणि न ची कळ पेस्ट, कारण त्या जागी C आणि V च आहेत. घोळ होतो तो नावांच्या शोधात. यूटीआर न देणाऱ्यांना नावाने शोधावं लागतं आणि एकाच माणसाचं आडनाव एका यादीत ‘पाटील’, दुसरीत ‘पाटिल’ असतं. शोध अक्षरं जुळवतो, माणूस ओळखत नाही. एक्सेलच्या चौकटीत ‘पाट*ल’ असं लिहिलं तर दोन्ही सापडतात, कारण तारांकनाच्या जागी कोणतीही अक्षरं चालतात.

त्या १९८० च्या हिशेबात आणखी एक आकडा आहे. पुढे काय करायचं याचा विचार करायला माणूस साधारण १.३५ सेकंद थांबतो. शॉर्टकट आठवावा लागत असेल तर वाचलेला वेळ तिथेच खर्च होतो. पहिल्या महिन्यात आमचे व्यवस्थापक प्रत्येक जोडीपाशी असे थांबत होते आणि काम आधीपेक्षा रेंगाळलं. म्हणून मी पन्नास शॉर्टकटांची यादी छापून दिली नाही. Ctrl+C, Alt+Tab, Ctrl+F, Ctrl+V एवढी एकच साखळी एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवली.

तिसऱ्या महिन्यात पाहिलं तर चिठ्ठी गळून पडली होती आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मेळ चहाच्या आधीच संपला होता. व्यवस्थापक फोनवर होते, ज्या घरांनी यूटीआर कळवलाच नव्हता त्यांना एकेक करून विचारत होते. त्या कामाला मात्र अजून शॉर्टकट नाही.