गर्दीत तुमचा फोन कोणाकोणाला दिसतो? नको त्या फोटोंबद्दलचे पाच गैरसमज

सकाळच्या पाळीच्या वेळी भोसरीच्या पीएमटी चौकात बसला पाय ठेवायला जागा नसते. चाकणच्या कंपन्यांत जाणारे कामगार, कॉलेजची मुलं, नाशिक फाट्याला उतरून मेट्रो धरणारे नोकरदार सगळे एकमेकांना खेटून उभे असतात आणि बहुतेकांच्या हातात फोन असतो. अशा वेळी एखाद्या मुलीच्या फोनवर अचानक खिडकी उघडते: कुणीतरी फोटो पाठवतोय, घ्यायचा की नाकारायचा? पाठवणाऱ्याकडे तिचा नंबर नसतो, ती त्याला ओळखतही नसते. तरीही तो तिच्यापर्यंत पोचतो, कारण तिचा फोन त्याला दिसत असतो.

जवळच्या फोनवर फाइल पाठवण्याची सोय आयफोनमध्ये एअरड्रॉप नावाने असते, अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर नावाने. दोन्हींचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी ब्लूटूथवरून आसपासचे फोन एकमेकांना सापडतात. मग ते आपसांत थेट वायफायची जोडणी करतात आणि फाइल जाते. पहिल्या टप्प्यात आपण कोणाला सापडायचं, हे ठरवणारी सेटिंग म्हणजे दृश्यता. आपलं खरं संरक्षण तिथे आहे. पण बहुतेक लोक दुसऱ्या टप्प्यातल्या ‘नाकारा’ या बटणावर भिस्त ठेवतात, आणि पहिला गैरसमज तिथूनच निघतो.

गैरसमज १: मी फोटो स्वीकारला नाही, तर तो मला दिसणारच नाही.

वस्तुस्थिती: आयफोनवर एअरड्रॉपने फोटो येतो तेव्हा विचारणा करणाऱ्या खिडकीतच त्याची छोटी प्रतिमा असते. नाकारायचं की नाही हे ठरवेपर्यंत फोटो पाहून झालेला असतो. 2015 मध्ये लंडनमध्ये रेल्वेने जाणाऱ्या एका महिलेच्या बाबतीत हेच घडलं. कुणाला तरी फोटो देण्यासाठी तिने एअरड्रॉप उघडं केलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. अनोळखी माणसाकडून अश्लील फोटो आला, तिने नाकारला, आणि लगेच दुसरा आला. समोरची व्यक्ती डब्यातच आहे आणि फोटो तिने पाहिला आहे, हे तिच्या नकारातूनच त्याला कळलं असावं. ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांनी या प्रकरणाचा तपास केला.

फोटो अश्लीलच असतो असंही नाही. मे 2022 मध्ये इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानातल्या प्रवाशांच्या फोनवर एअरड्रॉपने विमान अपघातांचे फोटो आले. प्रवासी घाबरले, विमान माघारी फिरवावं लागलं आणि फोटो पाठवणाऱ्या तरुणांना ताब्यात घेण्यात आलं.

अँड्रॉइडवर विचारणा येते तेव्हा पाठवणाऱ्या फोनचं नाव दिसतं. ते नाव पाठवणाराच ठरवतो, त्यामुळे त्यातच घाणेरडा मजकूर लिहिलेला असू शकतो. विचारणा समोर येणं हाच त्रास असतो, म्हणून ती येऊच नये अशी व्यवस्था करावी लागते.

गैरसमज २: मोबाइल डेटा बंद आहे, म्हणजे मला कोणी काही पाठवू शकत नाही.

वस्तुस्थिती: या पद्धतीत इंटरनेट लागतच नाही. रेंज नसलेल्या तळघरातही फाइल जाते. एअरड्रॉपचा पल्ला साधारण नऊ मीटर धरला जातो, आणि शहरातली मोठी बस बारा मीटरच्या आसपास लांब असते. म्हणजे मागच्या बाजूला उभा असलेला माणूस बसमधल्या बहुतेक फोनपर्यंत पोचू शकतो.

आयफोनवाल्यांची आणखी एक फसगत होते. वरून खाली ओढलेल्या पडद्यावर ब्लूटूथ आणि वायफायच्या गोलांवर बोट ठेवलं की ते बंद झाल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात फक्त त्या वेळची जोडणी तुटते आणि एअरड्रॉपसाठी दोन्ही चालूच राहतात. सेटिंगमध्ये आत जाऊन ते बंद करता येतात, पण मग हेडफोन आणि घड्याळही तुटतात आणि माणूस कंटाळून दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा चालू करतो. एअरड्रॉपची दृश्यता बदलली, तर बाकीचं काही बिघडत नाही.

गैरसमज ३: हा आयफोनवाल्यांचा प्रश्न आहे, माझा फोन साधा आहे.

वस्तुस्थिती: औद्योगिक पट्ट्यात सिनेमे, गाणी, फोटो फोनवरून फोनवर देण्याची सवय जुनी आहे. पूर्वी त्यासाठी शेअरइट आणि झेंडर ही ॲप घराघरांत होती. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 ॲपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने निअरबाय शेअर आणलं, आणि जानेवारी 2024 मध्ये ते सॅमसंगच्या क्विक शेअरशी एकत्र करून त्याच नावाने चालवायचं जाहीर केलं. ही सोय आता अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असते. ॲप उतरवावं लागत नाही, म्हणून ती आपल्याकडे आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधचौकटीत `Quick Share` लिहा आणि उघडा. तुमच्याशी कोण शेअर करू शकतं, या प्रश्नाखाली साधारण तीन पर्याय दिसतील: `Your devices`, `Contacts` आणि `Everyone`. फोन मराठीत असेल तर हेच पर्याय मराठीत दिसतील, आणि कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असू शकतात. रोजच्या वापरासाठी `Your devices` ठेवा.

आता एक नेहमीचा प्रसंग पाहू. समजा, भोसरीतल्या एका कार्यालयात लग्न आहे. फोटोग्राफरकडून लगेच फोटो हवेत, म्हणून नवरीची बहीण `Everyone` निवडते. तिथेच दहा मिनिटांपुरतं ठेवण्याचीही सोय असते, पण घाईत ती निवडायची राहते. फोटो मिळतात, ती विसरून जाते. सोमवारी बसमध्ये ती फोन उघडून गाणं लावते, आणि त्या क्षणापासून तिचा फोन आसपासच्या सगळ्यांच्या यादीत येतो. यादीत तिचं नाव असतं, कारण फोनला स्वतःचं नाव दिलेलं असतं. त्रास देणारा माणूस यादीतून बाईचं नावच निवडतो. म्हणून दोन गोष्टी कराव्यात: सगळ्यांसाठी उघडायचंच असेल तर दहा मिनिटांचा पर्याय निवडावा, आणि फोनच्या नावातून स्वतःचं नाव काढून टाकावं.

शाओमी, ओप्पो, विवो यांसारख्या कंपन्यांच्या फोनमध्ये क्विक शेअरखेरीज कंपनीची स्वतःची फाइल देण्याघेण्याची सोयही असू शकते. तिची दृश्यता वेगळी असते. क्विक शेअर बंद केलं तरी ती उघडी राहू शकते. सेटिंगच्या शोधचौकटीत नुसतं `Share` लिहिलं की जे काही असेल ते समोर येतं; त्यातली प्रत्येक सोय तपासा.

गैरसमज ४: नवा फोन स्वतःच काळजी घेतो, आणि `Contacts` ठेवलं की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: आयफोनवर पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. डिसेंबर 2022 मधल्या आयओएस 16.2 पासून सगळ्यांसाठी उघडलेलं एअरड्रॉप दहा मिनिटांनी आपोआप ओळखीच्यांपुरतं होतं. पण जुन्या बाजारातून घेतलेला आयफोन 7 आयओएस 15 च्या पुढे जात नाही. त्यात `Everyone` एकदा निवडलं की तुम्ही बदलेपर्यंत तसंच राहतं. आयफोनवर ही सेटिंग `Settings`, मग `General`, मग `AirDrop` इथे मिळते; तिथे `Receiving Off` निवडलं की विषय संपतो. आयओएस 17 पासून नग्न फोटो धूसर करून दाखवणारी `Sensitive Content Warning` ही सोयही आहे, पण ती `Privacy & Security` मध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते.

आता `Contacts` बद्दल. आपल्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर साठवलेले असतात? ठेकेदार, सुपरवायझर, रिक्षावाले, गॅसची टाकी आणणारा, दोन वर्षांपूर्वीचा घरमालक. यांतले बहुतेक सज्जन असतात. पण नंबर साठवलेला माणूस विश्वासातलाच असतो असं नाही. रोज एकाच कंपनीच्या बसने जाणाऱ्यांमध्ये तर त्रास देणारा ओळखीतला असण्याची शक्यता अधिक. म्हणून `Contacts` हा मधला मार्ग आहे, पूर्ण बंदोबस्त नाही.

`Your devices` लाही एक अट आहे. तुमच्याच गूगल खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या फोनवरून आलेली फाइल विचारणा न करता स्वीकारली जाते. जुना फोन विकताना त्यातून खातं काढलं नसेल, तर तो फोन अजून ‘तुमचाच’ असतो. गूगल खात्यात जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी नोंदी काढून टाका.

हे सगळं केल्यावर खात्री करून घेणं सोपं आहे. जिचा नंबर तुमच्याकडे नाही आणि तुमचा तिच्याकडे नाही, अशा सहकारिणीला तुमच्याच प्रकारच्या फोनवरून एखादा फोटो शेअर करायला लावा. तुमच्या फोनचा पडदा उघडा ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. तिच्या यादीत तुमचा फोन आला नाही, तर सेटिंग बरोबर बसली आहे.

गैरसमज ५: पाठवणारा अनोळखी आहे, त्यामुळे तक्रारीचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अश्लील चित्र दाखवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 नुसार लैंगिक छळ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास, दंड किंवा दोन्ही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 67 आणि 67अ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणाऱ्याला लागू होतात, मग तो मजकूर मिळालेली व्यक्ती स्त्री असो वा पुरुष.

अडचण पुराव्याची असते. नाकारलेल्या फोटोची प्रत फोनमध्ये राहत नाही. म्हणून खिडकी समोर असतानाच स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्या फोनचं नाव येतं. मग नाकारा, दृश्यता बंद करा, आणि बसचा क्रमांक, वेळ व थांबा लिहून ठेवा. पाठवणारा त्या क्षणी काही मीटरच्या आतच असतो, त्यामुळे वेळ आणि जागा अचूक असेल तर पोलिसांना शोधाची सुरुवात करता येते. धोका वाटत असेल तर कंडक्टरला सांगून 112 वर फोन करा. तो स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. अश्लील चित्र पुढे पाठवणाऱ्यावरही तीच कलमं येऊ शकतात.

भोसरी आणि चाकण दोन्ही पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. बस मोशीत होती की कुरुळीत, यावरून तुम्हाला दुसऱ्या ठाण्यात पाठवलं जात असेल, तर झीरो एफआयआरचा आग्रह धरा. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून पुढे पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. 1930 हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, या तक्रारीसाठी संकेतस्थळ किंवा पोलीस ठाणं गाठावं.

दृश्यता बदलायला अर्धं मिनिटही लागत नाही. ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजला जाणारी मुलं आहेत, त्यांनी आज रात्री घरातले सगळे फोन एकत्र घेऊन ती तपासावी, आणि असा फोटो आलाच तर त्यात तुझी काही चूक नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावं.